‘बाई, कुणाला सांगू नका’ : मुलाने विश्वासाने सांगितले, तर पुढे काय?

शाळेतल्या बाईंना, वस्तीतल्या समुपदेशक ताईंना किंवा विहारात संस्कार वर्ग घेणाऱ्या दादांना एखादे मूल हळूच म्हणते, "तुम्हाला एक सांगू? पण कुणाला सांगू नका." तेव्हा बहुतेकांच्या तोंडून आपसूक निघते, "नाही सांगणार, बोल." मुलाला धीर यावा म्हणून आपण हे म्हणतो. पण मूल पुढे जे सांगते ते लैंगिक छळाचे असेल, तर हा शब्द पाळता येत नाही. कायदा पाळू देत नाही, आणि पाळला तर त्या रात्री मूल पुन्हा त्याच माणसाच्या हाती जाते.

या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही याच गोष्टीबद्दल लिहीत आहोत. कळवणे बंधनकारक आहे, हे आता बऱ्याच शिक्षकांना ऐकून माहीत असते. पण कुणाला कळवायचे, घरच्यांना आधी सांगायचे की नंतर, आणि कळवल्यावर त्या घराशी असलेले नाते तुटू नये म्हणून काय करायचे, हे फार कुणी सांगत नाही. आईवडिलांनीही हे वाचावे. उद्या एखाद्या बाई तुमच्या दारात हा विषय घेऊन आल्या, तर त्या तुमच्या विरोधात आलेल्या नाहीत हे ओळखता यावे.

कायदा नेमके काय सांगतो

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा २०१२ साली झाला. त्याला सगळे ‘पोक्सो’ म्हणतात. संविधानाच्या कलम १५(३) ने स्त्रिया आणि बालकांसाठी खास तरतुदी करण्याचा अधिकार राज्याला दिला आहे, आणि या कायद्याची सुरुवातच त्या कलमाचा उल्लेख करून होते. १८ वर्षांखालचा मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही हा कायदा लागू आहे.

त्याचे १९ वे कलम म्हणते की, असा गुन्हा झाल्याचे ज्याला माहीत आहे, किंवा तो होण्याची ज्याला धास्ती वाटते, त्याने ते विशेष बाल पोलिस पथकाला किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला कळवलेच पाहिजे. कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. म्हणजे फक्त शिक्षक आणि डॉक्टर नव्हेत. समुपदेशक, अंगणवाडी ताई, शिकवणीचे सर, वसतिगृहाचे अधीक्षक, विहारात मुलांना शिकवणारे कार्यकर्ते, शेजारी, सगळेच त्यात आले. न कळवणाऱ्याला २१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर ही कैद एक वर्षापर्यंत जाते. पीडित मूल स्वतः बोलले नाही, तर मात्र त्याला कोणतीही शिक्षा नाही.

हे कलम नुसते कागदावर नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथे एका वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण २०१९ मध्ये पुढे आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळूनही त्यांनी कळवले नाही, असा पोलिसांचा आरोप होता. उच्च न्यायालयाने डॉक्टरांवरचा गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निकाल फिरला. माहीत असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा त्यातून खऱ्या आरोपीलाच आडोसा मिळतो, असे न्यायालयाने म्हटले. डॉक्टर दोषी आहेत की नाहीत, हे न्यायालयाने ठरवले नव्हते. पण ‘मी तर फक्त उपचार केले’ एवढ्यावर सुटका होत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

इथे एक गैरसमज काढून टाकू. अनेक शिक्षकांना वाटते, मुख्याध्यापकांच्या कानावर घातले की आपले काम झाले. तसे नाही. मुख्याध्यापकांना सांगणे वेगळे आणि पोलिसांना कळवणे वेगळे. मुख्याध्यापक म्हणाले, ‘आधी शाळेत चौकशी समिती बसवू’, तरी तुमची जबाबदारी संपत नाही. गुन्हा झाला की नाही हे शाळेने शोधायचे नाही. ते पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे. आपण सिद्ध करायचे नसते, फक्त कळवायचे असते. चांगल्या हेतूने दिलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही, तरी देणाऱ्यावर खटला भरता येत नाही, हे १९ व्या कलमातच लिहिले आहे. शिक्षा आहे ती जाणूनबुजून कुणाला गोवण्यासाठी खोटे सांगणाऱ्याला.

शंका आणि सांगणे, यातला फरक

मूल गप्प झाले, अभ्यासात मागे पडले, पोट दुखते म्हणू लागले, अंथरुणात लघवी करू लागले, एखाद्या माणसाचे नाव काढताच कावरेबावरे होऊ लागले, तर या खुणा दखल घेण्यासारख्या आहेत. पण यातली एकेक खूण दुसऱ्या कारणानेही दिसू शकते. बाप दारू पिऊन मारतो, घर पाडायची नोटीस आली आहे, आजी वारली आहे, यानेही मूल असेच वागते. म्हणून एका खुणेवरून थेट पोलिसात जायचे नाही, आणि खुणा पाहून गप्पही बसायचे नाही. मुलाशी एकांतात, पण इतरांच्या नजरेच्या टप्प्यात बसून बोलायचे. सल्ला हवा असेल तर १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. तो मोफत आहे.

मूल स्वतः बोलले, किंवा कुणी प्रत्यक्ष पाहिले, किंवा अंगावर तशी जखम दिसली, तर मात्र वाट पाहायची नाही. कळवणाऱ्याने किती तासांत कळवावे हे कायद्यात लिहिलेले नाही. २४ तासांची मुदत आहे ती पोलिसांना, बाल कल्याण समितीला कळवण्यासाठी. पण आमचा आग्रह एवढाच आहे की ज्या दिवशी कळले, त्याच दिवशी कळवावे. कारण मधली रात्र मुलाला त्याच घरात काढावी लागते.

एक उदाहरण

आता एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. यातली माणसे काल्पनिक आहेत. पण अशी घरे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत.

प्रज्ञा अकरा वर्षांची, महापालिकेच्या शाळेत सहावीत. वडील टेम्पो चालवतात, आठवड्यातून तीन-चार रात्री बाहेर असतात. आई चार घरची धुणीभांडी करते. दहा बाय बाराच्या खोलीत वर्षभरापासून आईचा धाकटा भाऊ राहतो. तो कामाला आहे, निम्मे भाडे तोच देतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रज्ञा शाळा सुटल्यावरही वर्गात रेंगाळते. बाईंनी विचारले, "घरी जायचं नाही का गं?" ती म्हणाली, "पप्पा आले की जाईन." मग थोड्या वेळाने, "बाई, एक सांगू? कुणाला सांगू नका."

बाईंनी इथे शब्द दिला नाही. त्या म्हणाल्या, "तू सांग, मी ऐकते. मी हे वर्गात कुणाला सांगणार नाही, मैत्रिणींना नाही, इतर बाईंना नाही. पण तुला कुणी त्रास देत असेल, तर तो थांबवण्यासाठी मला एक-दोन मोठ्या माणसांना सांगावं लागेल. कुणाला सांगणार, ते आधी तुला सांगेन." ही चार वाक्ये फार कामाची आहेत. यानंतरही प्रज्ञा बोलली. अनेक मुले बोलतात. मुलाला गुपितापेक्षा त्रास थांबायला हवा असतो. आणि क्षणभर थांबून मूल गप्प राहिले, तरी आपण त्याला फसवलेले नसते. ते पुन्हा येऊ शकते.

प्रज्ञाने सांगितले की पप्पा नसले की मामा रात्री तिच्या गोधडीत येतो आणि नको तिथे हात लावतो. बाईंनी फक्त एवढे विचारले, "मग काय झालं?" आणि "अजून काही सांगायचंय का?" ‘त्याने असं केलं का, तसं केलं का’ असे प्रश्न त्यांनी टाळले. कारण मोठ्या माणसाने तोंडात घातलेले उत्तर मूल पुढे तसेच म्हणते, आणि न्यायालयात आरोपीचा वकील नेमका तिथेच बोट ठेवतो. बाईंनी तिला दुसऱ्या शिक्षिकेसमोर तेच पुन्हा सांगायला लावले नाही. मूल जितक्या लोकांपुढे सांगेल, तितका त्रास अधिक आणि सांगण्यात फरकही अधिक.

प्रज्ञा पाणी प्यायला गेली तेव्हा बाईंनी कागदावर तारीख, वेळ आणि मुलीचे शब्द जसेच्या तसे लिहिले. तिने ‘सू करायची जागा’ म्हटले असेल, तर तेच शब्द. त्याला शुद्ध भाषेत बदलायचे नाही. आपले मत लिहायचे नाही. खाली सही केली. हा कागद शाळेच्या फाईलमध्ये सगळ्यांच्या हाताला लागेल असा ठेवायचा नाही.

आईला कधी आणि कसे सांगायचे

नाते तुटते की टिकते, ते इथे ठरते. बाईंपुढे तीन वाटा होत्या. आधी पोलिसात जायचे आणि आईला पोलिसांकडून कळू द्यायचे. किंवा आईवडिलांना बोलावून, ‘तुम्हीच बघा काय ते’ म्हणून मोकळे व्हायचे. किंवा आईला आधी सांगायचे आणि तिला सोबत घेऊन कळवायचे.

पहिल्या वाटेने घराला धक्का बसतो आणि ते घर शाळेवरचा विश्वास कायमचा काढून घेते. दुसऱ्या वाटेने घरातल्या घरात मिटवायची बोलणी सुरू होतात. मामाला गावी पाठवतात, मुलीला ‘शपथ घे, कुणाला बोलणार नाही’ म्हणतात, आणि दोन महिन्यांनी मामा परत येतो. जमत असेल तिथे तिसरी वाट धरावी. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा. ज्याला सांगणार, तो आरोपी तर नाही ना, आणि तो आरोपीला लगेच सावध करील का? बापच आरोपी असेल, किंवा आईला माहीत असून ती त्याला पाठीशी घालते असे मुलाच्या बोलण्यातून दिसत असेल, तर आधी घरी सांगायचे नाही. तिथे थेट १०९८ किंवा पोलिस. मूल शाळेत सुरक्षित असेपर्यंत.

प्रज्ञाच्या बाबतीत आई अशी नव्हती. बाईंनी तिला कामावरून शाळेत बोलावले. प्रज्ञाला समुपदेशक ताईंजवळ दुसऱ्या खोलीत बसवले. आईला एकटीला समोर बसवून त्या म्हणाल्या, "ताई, प्रज्ञाने मला काहीतरी सांगितलंय. ऐकायला फार जड आहे. तिची काही चूक नाही आणि तुमचीही नाही. मला कायद्याने हे आजच पोलिसांना कळवावं लागतं, ते माझ्या हातात नाही. पण तुमच्या पाठीमागे करणार नाही. तुम्ही बरोबर चला."

‘कळवू का?’ असे त्यांनी विचारले नाही, हे लक्षात घ्या. विचारले असते, तर आईला वाटले असते की निर्णय तिचा आहे. मग भावाला तुरुंगात घातल्याचे पाप तिच्या माथी आले असते. माहेर तिला आयुष्यभर बोलले असते. कायद्याने निर्णय तिच्या हातून काढून घेतला आहे, आणि यात तिची एक सोयही आहे. ती माहेरी सांगू शकते, "मी नाही केलं, शाळेला कळवावंच लागतं." बाईंनी ते ओझे स्वतःच्या खांद्यावर घेतले.

आई आधी म्हणाली, "माझा भाऊ असं करणार नाही." मग रडली. मग रागावली, "बाई, तुम्हाला काय, तुम्ही निघून जाल. राहायचं आम्हाला इथं." या तिन्ही गोष्टी होणारच. त्यावर वाद घालायचा नाही, मुलीला समोर आणून ‘सांग आईला’ असेही करायचे नाही. आईच्या प्रत्येक भीतीला नेमके उत्तर द्यायचे.

चार भीती आणि त्यांची उत्तरे

*"वस्तीत बोभाटा होईल."* मुलीचे नाव, फोटो, शाळा, पत्ता छापणे किंवा कोणत्याही माध्यमातून पसरवणे गुन्हा आहे. पोलिसांनी आणि न्यायालयानेही तिची ओळख गुप्त ठेवायची असते. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी घ्यायचा असतो. शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता. वस्तीच्या तोंडाशी पोलिसांची जीप नको असेल, तर ‘जबाब शाळेत घ्या’ असे आधीच सांगता येते. प्रज्ञाच्या बाईंनी तेच सांगितले.

*"पोलिस ठाण्यात आमचं कोण ऐकणार?"* ही भीती आपल्या लोकांना अनुभवाने आलेली आहे, तिला उडवून लावू नये. म्हणून नियम ठाऊक हवेत. माहिती दिली की ती लिहून घेणे, नोंद क्रमांक देणे, वाचून दाखवणे पोलिसांना भाग आहे. गुन्ह्याच्या नोंदीची प्रत मोफत मिळते. न लिहून घेणारा पोलिसही त्याच २१ व्या कलमात अडकतो. मुलाला कोणत्याही कारणाने रात्री पोलिस ठाण्यात ठेवता येत नाही. एकटे जाऊ नये. सोबत बाई, समुपदेशक किंवा महिला मंडळातली एक विश्वासू व्यक्ती असावी. एकच, दहा नव्हेत.

*"माझ्या पोरीला सुधारगृहात टाकतील."* आरोपी त्याच घरात राहत असेल, तर पोलिसांनी २४ तासांत मुलाला बाल कल्याण समितीपुढे न्यायचे असते. मुलाने घरी राहावे की दुसरीकडे, हे समिती तीन दिवसांत ठरवते आणि त्यात मुलाचे म्हणणे विचारात घ्यावे लागते. समिती मुख्यतः हे पाहते की घरात मुलाला जपणारे कुणी आहे का. म्हणून समितीपुढे आईचे म्हणणे मोलाचे ठरते. "तो आता घरात नाही, परत येऊ देणार नाही, मुलगी माझ्याजवळ राहील," असे आई ठामपणे म्हणाली, तर मुलीला घरातून हलवण्याचे कारण उरत नाही. घरचे आरोपीची बाजू घेऊ लागले की ते कारण उभे राहते. हे आईला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

*"भाडं कोण भरणार?"* हा प्रश्न क्षुल्लक नाही. अनेक तक्रारी याच प्रश्नावर मागे पडतात. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी रक्कम द्यावी अशी शिफारस बाल कल्याण समिती करू शकते, आणि शिफारस पोहोचल्यावर आठवडाभरात ती द्यायची असते. विशेष न्यायालय खटला संपण्याआधीही अंतरिम भरपाई देऊ शकते. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. ही मदत मागावी लागते. आपोआप दारात येत नाही. समितीपुढे पहिल्याच दिवशी बोलावे.

दवाखान्यात

अत्याचाराला फार वेळ झालेला नसेल, तर मुलीचे कपडे धुऊ नयेत. ते प्लास्टिकमध्ये नव्हे, कागदी पिशवीत ठेवावेत. लैंगिक संबंधाची शंका असेल, तर ७२ तासांच्या आत रुग्णालयात पोहोचणे महत्त्वाचे आहे. एचआयव्ही टाळणारी औषधे त्या मुदतीतच सुरू करावी लागतात, आणि वयात आलेल्या मुलीला गर्भधारणा टाळणारी गोळीही लवकर दिली तरच उपयोगी पडते. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ म्हणून रुग्णालयाला उपचार अडवता येत नाहीत. सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत द्यायचे असतात.

मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात, आणि आई किंवा मुलीचा विश्वास असलेली व्यक्ती तिथे हजर असते. प्रज्ञासारख्या लहान मुलीसाठी आईची संमती घेतात, पण मुलीलाही विचारतात आणि काय करणार ते समजावून सांगतात. तपासणीला नकार दिला तरी उपचार मिळतात. पूर्वीची दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली आहे. ती कुणी करू लागले तर स्पष्ट नाही म्हणावे. आणि एक गोष्ट आईला आधी सांगून ठेवावी. तपासणीत काही सापडले नाही, म्हणजे मुलगी खोटे बोलते असे होत नाही. हात लावल्याच्या खुणा अंगावर राहत नाहीत.

कळवल्यानंतरचे महिने

बहुतेक वेळा विश्वास कळवण्याने तुटत नाही. कळवून झाल्यावर शाळा आणि संस्था पाठ फिरवतात, तेव्हा तो तुटतो. समुपदेशक ताईंनी प्रज्ञाच्या आईला पहिल्याच दिवशी सांगितले होते, "दर शुक्रवारी तुम्ही कामावरून सुटल्यावर मी भेटेन." त्या भेटल्या. कधी फक्त चहा झाला. बाल कल्याण समितीने मुलीसाठी सहाय्यक व्यक्ती नेमली होती. न्यायालयाची तारीख कधी, तिथे काय विचारतील, हे सांगणे तिचे काम. ते होते आहे का, हे ताई पाहत राहिल्या.

मुलीला न्यायालयात आरोपीसमोर उभे करत नाहीत. प्रश्न वकील थेट विचारत नाही, न्यायाधीशांमार्फत विचारतो. दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्यतो एका वर्षात खटला, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात खटले अनेकदा याहून लांबतात. हे लपवू नये. ‘सहा महिन्यांत निकाल लागेल’ असे खोटे आश्वासन दिले, की सातव्या महिन्यात आई तुमचे काहीच ऐकत नाही.

या काळात नातेवाईक येतात. "घरातलं घरात मिटवा, पोरीचं लग्न व्हायचंय," म्हणतात. कधी वस्तीतले चार जाणते लोक बैठक बोलावतात, तीही विहारात. हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही, आणि अशा बैठकीच्या कागदाला कायद्यात किंमत नाही. उलट मुलीवर किंवा आईवर दबाव आणला, तर तो वेगळा गुन्हा होऊ शकतो. विहाराच्या विश्वस्तांनी आणि बौद्धाचार्यांनी अशा बैठकीला जागाच देऊ नये. पंचशील आपण ज्या जागी ग्रहण करतो, तिथे तिसरे शील मोडणाऱ्याची सोय पाहायची नसते.

आणखी दोन गोष्टी

आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल, म्हणजे घरमालक, शिक्षक, ठेकेदार असा कुणी, तर पोक्सोसोबत अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ लागू होऊ शकतो. १९९० च्या दुरुस्तीपासून धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींनाही हे संरक्षण आहे. मग तपास पोलिस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि मदतीची रक्कम टप्प्याटप्प्याने मिळते. त्यासाठी जातीचा दाखला लागतो, पण दाखला हाताशी नाही म्हणून तक्रार थांबवू नये. तो नंतर देता येतो. तक्रार देताना जातीचा उल्लेख मात्र पहिल्याच जबाबात करावा.

दुसरी गोष्ट वयात आलेल्या मुलामुलींची. सोळा-सतरा वर्षांची मुलगी प्रेमसंबंधातून गरोदर राहिली, तरी कायद्याच्या लेखी १८ खालची संमती ही संमती नव्हे, आणि डॉक्टरांवर कळवण्याचे बंधन येते. या भीतीने मुली भोंदूंकडे किंवा मेडिकलच्या गोळ्यांकडे वळतात आणि जिवावर बेतते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी सांगितले की, अशी अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी कळवताना तिचे नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. म्हणून अशा वेळी उशीर न करता नोंदणीकृत रुग्णालयातच जावे आणि ही विनंती तोंडाने करावी.

पोक्सोचे हे बंधन लैंगिक अत्याचारापुरते आहे. मुलाला अमानुष मारणे, उपाशी ठेवणे यांसाठी बाल न्याय कायद्याचे ७५ वे कलम आहे आणि त्याची वाट १०९८ किंवा बाल कल्याण समितीकडून जाते.

शिक्षक आणि समुपदेशकांनी एक काम शाळेच्या पहिल्या पालकसभेत करून टाकावे. कुणाच्याही घराकडे बोट न दाखवता सगळ्यांसमोर सांगावे, "कोणत्याही मुलाने असे काही सांगितले, तर आम्हाला कळवावेच लागते. आम्ही ते तुम्हाला सांगून करू, आणि नंतर तुमच्यासोबत राहू." हे आधी ऐकलेल्या आईला, पुढे कधी तिच्या दारात ही वेळ आली, तर बाईंनी आपल्याला दगा दिला असे वाटत नाही. नियम सगळ्यांसाठी होता, हे तिला माहीत असते.